सुरक्षा रक्षकाची नोकरी : परवाना कोणाचा, प्रशिक्षण किती आणि पोलीस पडताळणी कशी?



दसरा उलटला की आपल्या बीड जिल्ह्यातून दोन वाटांनी माणसे बाहेर पडतात. एक वाट ऊसतोडीच्या टोळ्यांची. ती सांगली, कोल्हापूर, सोलापूर आणि पुढे कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जाते. दुसरी वाट दहावी-बारावीपर्यंत शिकलेल्या मुलांची. ती पुणे, चाकण, रांजणगाव, छत्रपती संभाजीनगर या बाजूला जाते. या मुलांपैकी अनेकांची पहिली नोकरी एकच असते. गावी विचारले तर उत्तर मिळते, "पोरगा सिक्युरिटीत लागला."

या नोकरीची चौकशी करायला येणारा मुलगा बहुधा एकच प्रश्न घेऊन येतो : "सर, गार्डचं लायसन्स कुठं काढायचं? एक जण म्हणतो, पैसे द्या, लायसन्स काढून देतो." प्रस्तुत लेख या प्रश्नासाठी लिहिला आहे. उत्तर आरंभीच सांगतो. साध्या, बिनबंदुकीच्या सुरक्षा रक्षकाला वैयक्तिक परवाना असतच नाही. परवाना एजन्सीला लागतो. रक्षकाला तीन गोष्टी लागतात : चारित्र्याची पडताळणी, ठरलेले प्रशिक्षण आणि शारीरिक पात्रता. जो माणूस 'गार्डचे लायसन्स' विकतो, तो अस्तित्वातच नसलेली वस्तू विकतो.

१. परवाना कोणाचा?

या धंद्याला लागू असलेला मुख्य केंद्रीय कायदा म्हणजे खाजगी सुरक्षा एजन्सी (विनियमन) अधिनियम, 2005. तो मार्च 2006 पासून अमलात आला. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून सुरक्षा क्षेत्रातली माणसे त्याला 'पसारा' म्हणतात. घरातल्या पसाऱ्याशी त्याचा काही संबंध नाही, पण नाव लक्षात ठेवायला ते सोयीचे आहे.

या कायद्याचे कलम 4 सांगते की परवान्याशिवाय कोणीही खाजगी सुरक्षा एजन्सीचा धंदा करू नये. तसा धंदा केल्यास कलम 20 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद किंवा पंचवीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परवाना राज्याचा नियंत्रक प्राधिकारी देतो आणि तो पाच वर्षे चालतो. तो एका जिल्ह्यासाठी, दोन ते पाच जिल्ह्यांसाठी किंवा संपूर्ण राज्यासाठी असू शकतो. कायद्यात त्याचे शुल्क अनुक्रमे पाच हजार, दहा हजार आणि पंचवीस हजार रुपये असे दिलेले आहे.

हा तपशील नोकरी मागणाऱ्या मुलाच्याही कामाचा आहे. समजा, एजन्सीचा परवाना फक्त पुणे जिल्ह्याचा आहे आणि ती तुम्हाला पाटोदा तालुक्यातल्या पवनचक्कीच्या प्रकल्पावर उभे करते. मग तिथे ती विनापरवाना काम करते आहे. उद्या काही घडले तर पहिला प्रश्न तुमच्या हजेरीवर आणि ओळखपत्रावर निघेल. परवान्याची प्रत एजन्सीने आपल्या कार्यालयात दर्शनी जागी लावावी, असे कलम 12 सांगते. म्हणून मुलाखतीला गेल्यावर भिंतीकडे पाहा. प्रत लावलेली असेल तर तिच्यावरच्या तीन गोष्टी वाचा : एजन्सीचे नाव, मुदत कधी संपते आणि जिल्हे कोणते. भिंत कोरी असेल तर नम्रपणे विचारा. "दाखवू नंतर" हे उत्तर मिळाले, तर पैसे आणि मूळ कागद खिशातच राहू द्या.

येथे एक भेद समजून घ्यावा. शाळा, दवाखाना किंवा जिनिंग मिल स्वतःच पगार देऊन थेट आपला वॉचमन ठेवते, तेव्हा ती सुरक्षेचा धंदा करत नाही. तिला हा परवाना लागत नाही. जो दुसऱ्याला रक्षक पुरवतो आणि त्याचे बिल घेतो, त्याला परवाना लागतो.

महाराष्ट्रात आणखी एक, अधिक जुना कायदा आहे. त्याचे नाव महाराष्ट्र खाजगी सुरक्षा रक्षक (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, 1981. कारखान्यात किंवा आस्थापनेत काम करणारे, पण तिचे थेट व नियमित नोकर नसलेले जे रक्षक, त्यांच्यासाठी हा कायदा झाला. त्यातूनच सुरक्षा रक्षक मंडळे निर्माण झाली. मंडळाकडे रक्षकाची नोंद होते, मालकाचीही नोंद होते आणि पगार मंडळामार्फत मिळतो. 2005 चा कायदा एजन्सीवर नजर ठेवतो आणि गृह विभागाच्या अखत्यारीत चालतो. 1981 चा कायदा रक्षकाच्या नोकरीचे रक्षण करतो आणि कामगार विभागाच्या अखत्यारीत चालतो. शिवाय 2010 च्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेले महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळ आहे. ते सरकारी महामंडळ असून त्याची भरती वेगळी होते. कोणी "मंडळात लावतो" म्हणाला, तर कोणते मंडळ आणि जाहिरात कोणती, हे दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

२. रक्षकाची पात्रता

कलम 10 मध्ये रक्षकाची पात्रता दिली आहे. वय अठरा पूर्ण असावे आणि पासष्ट झालेले नसावे. चारित्र्याविषयी एजन्सीची खात्री पटलेली असावी. ठरलेले प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केलेले असावे आणि शारीरिक निकष पुरे झालेले असावेत. माजी सैनिक, माजी पोलीस व होमगार्ड यांना एजन्सीने प्राधान्य द्यावे, असेही कलमात आहे.

शारीरिक निकष केंद्राच्या आदर्श नियमांत आहेत. हे नियम 2006 साली झाले, पुढे 2020 साली केंद्राने ते नव्याने आणले आणि राज्ये त्यांच्या धर्तीवर आपले नियम करतात. 2006 च्या नियमांप्रमाणे पुरुषाची उंची 160 सेंटीमीटर व स्त्रीची 150 सेंटीमीटर असावी. पुरुषाची छाती 80 सेंटीमीटर असून ती 4 सेंटीमीटर फुगावी. चष्मा असला तरी चालतो, पण रंगांधळेपणा नसावा. एक किलोमीटर अंतर सहा मिनिटांत धावता यावे. चारशे मीटरच्या मैदानावर ते अडीच फेऱ्या होतात, म्हणजे एका फेरीला जवळपास दोन मिनिटे चोवीस सेकंद मिळतात. रोज सकाळी पळणाऱ्या मुलाला हे अवघड नाही. मात्र भरतीच्या आदल्या दिवशी पळायला सुरुवात करणाऱ्याला ते अवघड जाते.

कायद्यात दहावी उत्तीर्ण असण्याची अट नाही. एजन्सी आपल्या सोयीने ती घालू शकते. नियमांची अपेक्षा एवढीच आहे की ओळखपत्र, परवाना वगैरे कागदांवर येणारी इंग्रजी अक्षरे व अंक रक्षकाला वाचता आले पाहिजेत. म्हणून दहावीत अडलेल्या मुलाने महिनाभर वाहनांचे क्रमांक, आधार कार्डे आणि वाहन परवाने वाचण्याचा सराव केला तर तो कामास येतो.

३. प्रशिक्षण : 160 तासांचा हिशेब

आदर्श नियमांप्रमाणे रक्षकाचे प्रशिक्षण किमान 100 तास वर्गात आणि 60 तास मैदानावर, असे एकूण 160 तासांचे असते. ते किमान वीस कामकाजाच्या दिवसांत विभागलेले असावे लागते. गणित सोपे आहे. 160 ला 20 ने भागले की रोजचे आठ तास येतात. माजी सैनिक व माजी पोलिसांना 40 अधिक 16, म्हणजे 56 तासांचा संक्षिप्त अभ्यासक्रम किमान सात दिवसांत करावा लागतो. तिथेही रोजचे आठ तासच येतात.

हा हिशेब पाठ ठेवा, कारण खोटे प्रमाणपत्र ओळखण्याची पहिली खूण याच हिशेबात सापडते. "तीन दिवसांत सर्टिफिकेट" म्हणजे 160 तासांसाठी दिवसाचे त्रेपन्न तास धरावे लागतील. प्रमाणपत्रावर आरंभ व अखेर अशा दोन्ही तारखा असाव्यात आणि त्या काळात तुम्ही खरोखर तिथे असावे. त्याच तारखांना तुम्ही गावी कापूस वेचत होता किंवा परीक्षेला बसला होता, असे निघाले तर प्रमाणपत्र तुमच्याच अंगावर येते. एजन्सीने रक्षकाला प्रशिक्षण मिळेल अशी व्यवस्था करावी, ही जबाबदारी कायद्याने एजन्सीवर टाकली आहे. प्रशिक्षणाच्या नावाने पैसे मागितले, तर कशाचे आणि किती हे विचारावे व पावती घ्यावी.

या 160 तासांत काय शिकवतात? गणवेश व लोकांशी वागणूक, कवायत, इमारत व मालमत्तेचे रक्षण, आग विझवणे, गर्दी आवरणे, ओळखपत्रे तपासणे, संशयित स्फोटक वस्तू ओळखणे, प्रथमोपचार, आपत्तीच्या वेळचे वर्तन आणि सुरक्षेची यंत्रे हाताळणे. यातला एक विषय मुले कंटाळून सोडून देतात. तो म्हणजे कायद्याची तोंडओळख : फौजदारी कायदा, स्वसंरक्षणाचा हक्क आणि पोलीस ठाण्यात प्रथम खबरी अहवाल, म्हणजे एफआयआर, नोंदवण्याची पद्धत. हा विषय का सोडू नये, ते लेखाच्या शेवटच्या भागात येईल.

हत्यार हाताळणे हा भाग ऐच्छिक आहे आणि ते प्रशिक्षण घेतले म्हणून बंदूक बाळगता येत नाही. त्यासाठी 1959 च्या शस्त्र अधिनियमाखालचा स्वतंत्र परवाना लागतो. त्याचा आणि रक्षकाच्या नोकरीचा गोंधळ करू नये.

४. पोलीस पडताळणी

रक्षकाच्या चारित्र्याची खात्री एजन्सी तीन मार्गांनी करू शकते. ती स्वतः चौकशी करते, किंवा उमेदवाराने आणलेल्या वैध चारित्र्य प्रमाणपत्रावर विसंबते, किंवा पोलिसांकडून अहवाल मागवते. व्यवहारात पोलिसांचा कागद मागितला जातो. महाराष्ट्रात त्यासाठी पोलीस खात्याच्या ऑनलाइन सेवेत अर्ज भरता येतो. रहिवासाचा पुरावा, वयाचा पुरावा, छायाचित्र आणि नोकरी देणाऱ्याचे पत्र जोडावे लागते. अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे जातो आणि तिथून तुमच्या पोलीस ठाण्याकडे येतो. तिथला अंमलदार अभिलेख पाहतो, पत्ता खरा आहे का ते बघतो आणि अहवाल वर पाठवतो. आदर्श नियमांत पोलिसांच्या अहवालासाठी नव्वद दिवसांचा काळ धरलेला आहे आणि एकदा मिळालेला अहवाल तीन वर्षे चालतो.

आता एक उदाहरण पूर्ण सोडवून पाहू. गेवराई तालुक्यातला बावीस वर्षांचा एक मुलगा धरा. गेल्या पाच वर्षांत तो गावी राहिला. त्यातले दोन हंगाम आईवडिलांबरोबर सांगली जिल्ह्यात ऊसतोडीला गेला. नंतर चौदा महिने चाकणला एका हॉटेलात कामाला होता. एकोणीस वर्षांचा असताना बांधाच्या भांडणावरून त्याच्यावर व त्याच्या चुलत्यावर पोलिसांनी प्रतिबंधक कारवाई केली होती. आपण जिला 'चॅप्टर केस' म्हणतो, तीच ही.

त्याची पहिली अडचण पत्त्याची आहे. नियम सांगतो की गेल्या पाच वर्षांत उमेदवार एकाहून अधिक जिल्ह्यांत राहिला असेल, तर जितके जिल्हे तितके पडताळणी अर्ज. म्हणजे या मुलाला बीड, सांगली आणि पुणे असे तीन अर्ज भरावे लागतील. ऊसतोडीच्या घरातली मुले नेमकी येथेच चुकतात. 'कायमचा पत्ता गाव' एवढेच लिहून मोकळी होतात. पुढे शाळेच्या दाखल्यावरून किंवा जुन्या मालकाच्या पत्रावरून दुसरा जिल्हा उघड झाला की लपवाछपवीचा संशय येतो. म्हणून अर्जाआधी एका कोऱ्या कागदावर पाच वर्षांचा महिनेवार तक्ता करावा : कोणता महिना, कोणते गाव, कोणता तालुका व जिल्हा, कोणाकडे काम. कोपीतला मुक्काम असला तरी कारखान्याचे नाव व जवळचे गाव लिहावे.

दुसरी अडचण नावाची आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरे आणि बँकेच्या पासबुकावर तिसरे. कधी वडिलांचे नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसऱ्या ठिकाणी फक्त घरगुती. संगणक ही तीन माणसे समजतो. अर्ज भरण्याआधीच आधारवरील नाव दाखल्याप्रमाणे दुरुस्त करून घ्यावे. त्याला लागणारे दिवस नोकरीच्या तारखेतून वजा करू नयेत. बारावीच्या सुटीतच हे काम उरकावे.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण चॅप्टर केसची. येथे तीन शब्द वेगळे ठेवावेत. प्रतिबंधक कारवाई, प्रलंबित खटला आणि दोषसिद्धी. प्रतिबंधक कारवाईत शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून घेतात. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 107 खाली होत असे. 1 जुलै 2024 पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 126 खाली होते. ही शिक्षा नव्हे. प्रलंबित खटला म्हणजे आरोप आहे, निकाल नाही. दोषसिद्धी म्हणजे न्यायालयाने दोषी ठरवले. कलम 10 मध्ये नोकरीला स्पष्ट बंदी आहे ती दोषसिद्ध व्यक्तीला, तसेच गैरवर्तनावरून सैन्य, पोलीस, सरकारी नोकरी किंवा खाजगी सुरक्षा एजन्सीतून काढून टाकलेल्या व्यक्तीला.

आपल्या मुलाची दोषसिद्धी झालेली नाही. पण अभिलेखात नोंद असू शकते आणि अंमलदाराला ती दिसेल. मग अर्जात काय लिहावे? जे विचारले आहे त्याचे खरे उत्तर. "सन अमुक, पोलीस ठाणे अमुक, प्रतिबंधक कारवाई, बंधपत्राची मुदत पूर्ण, दोषसिद्धी नाही." सोबत आदेशाची प्रत जोडावी. खटल्यातून निर्दोष सुटका झाली असेल, तर निकालाची प्रमाणित प्रत जोडावी. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार या निकालात पडताळणीतील माहिती दडवण्याविषयी तत्त्वे घालून दिली. तो निकाल सरकारी नोकरीविषयी होता, पण त्यातला बोध येथेही लागू पडतो. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असावी आणि दडवादडवी झाली की तेवढ्यावरूनही नोकरी जाऊ शकते. किरकोळ गुन्ह्याकडे मालक काणाडोळा करू शकतो. खोट्या उत्तराकडे करील याची खात्री नाही.

५. "गुन्हा कबूल कर, दंड भर, सुटशील"

हा परिच्छेद विशेष लक्ष देऊन वाचावा. जत्रेत पत्ते खेळताना पोलिसांनी पाच मुले पकडली, जुगाराचा गुन्हा लागला. किंवा एखाद्या किरकोळ मारामारीत नाव आले. तारखांना जाऊन जाऊन मजुरी बुडते. कोणीतरी सल्ला देतो की कबूल कर, दोनशे-तीनशे रुपये दंड भर आणि मोकळा हो. मुलगा तसे करतो आणि विषय संपला असे समजतो.

विषय तिथे संपत नाही. न्यायालयासमोर गुन्हा कबूल करून भरलेला दंड ही दोषसिद्धी आहे. कलम 10 मधील 'न्यायालयाने दोषी ठरवलेली व्यक्ती' हे शब्द दंड लहान की मोठा असा भेद करत नाहीत. तीनशे रुपयांत सुटलेला मुलगा पुढे पडताळणीत अडकतो आणि तेव्हा त्याला कळते की चार तारखांची मजुरी वाचवण्यासाठी त्याने नोकरीची वाट बंद केली.

म्हणून कबुलीआधी वकिलाला एक प्रश्न विचारावा : "मला परिवीक्षा मिळेल का?" 1958 च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली न्यायालय काही गुन्ह्यांत शिक्षेऐवजी ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते. त्या कायद्याचे कलम 12 सांगते की अशा प्रकारे सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता भोगावी लागत नाही. हा मार्ग निकालाच्या दिवशीच मागावा लागतो. पडताळणीच्या दिवशी तो मागता येत नाही.

वकिलाला पैसे नाहीत, ही सबब येथे चालू नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 प्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 1990 साली झालेल्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांचाही अनुसूचित जातींत समावेश झालेला आहे. बीडच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे आणि तालुक्याच्या न्यायालयांत तालुका समित्या असतात. जातीचा दाखला व खटल्याचे कागद घेऊन तिथे साधा अर्ज करावा.

६. नेमणूक झाल्यावर : ओळखपत्र, शिट्टी आणि वही

नेमणूक झाली की एजन्सीने छायाचित्र असलेले ओळखपत्र दिले पाहिजे. कामावर असताना ते कमरेच्या वर, पुढच्या बाजूला, सर्वांत बाहेरच्या कपड्यावर दिसेल असे लावायचे असते. गणवेशावर एजन्सीची खूण असावी. आदर्श नियमांत दोरीला बांधलेली शिट्टी डाव्या खिशात ठेवण्याचा उल्लेख आहे. गणवेश पोलिसांचा किंवा सैन्याचा वाटेल असा नसावा. तसा घातल्यास कलम 21 प्रमाणे गुन्हा होतो आणि तो अंगावर घालणाऱ्या रक्षकालाही लागतो. एजन्सीने "हेच घाल" म्हटले तरी हे लक्षात असू द्यावे. एजन्सीच्या नोंदवहीत रक्षकाचे नाव, पत्ता, छायाचित्र आणि पगार लिहिलेला असावा लागतो. तुमच्या नावापुढे कोणता पगार लिहिला आहे, हे पाहून ठेवावे.

याच नियमांत एक छोटे वाक्य आहे : प्रत्येक रक्षकाने वही आणि लेखणी जवळ बाळगावी. हे वाक्य मुलांना गमतीचे वाटते. दांडक्याऐवजी वही कशाला? त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन शिकवले आहे.

6 डिसेंबर 2024 रोजी केज तालुक्यातील मस्साजोग येथे पवनऊर्जा प्रकल्पाच्या आवारात काही माणसे शिरली आणि तिथल्या सुरक्षा रक्षकाला मारहाण झाली. गावचे सरपंच संतोष देशमुख गावातल्या माणसाच्या मदतीला धावून गेले. तीन दिवसांनी, 9 डिसेंबर रोजी, त्यांचे अपहरण करून हत्या करण्यात आली. सारा महाराष्ट्र हादरला. त्या प्रकरणाचा न्यायनिवाडा न्यायालयाचा विषय आहे. आपण येथे फक्त फाटकापुरते पाहू. फाटकावर उभा असलेला माणूस हा बहुधा एकटा, गावातलाच आणि गरीब घरचा असतो. त्याच्या हातात कायद्याने काय दिले आहे?

पोलिसांचे अधिकार दिलेले नाहीत, हे प्रथम समजून घ्यावे. कोणाच्या अंगाची झडती त्याच्या संमतीशिवाय घेता येत नाही. नकार देणाऱ्याला आत सोडू नये आणि वरिष्ठाला कळवावे, एवढेच रक्षकाच्या हाती आहे. कोणीही नागरिक करू शकतो ती अटक रक्षकही करू शकतो, पण गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असावा आणि त्याच्या समोर घडलेला असावा. नव्या संहितेच्या कलम 40 प्रमाणे अशा माणसाला विनाविलंब, फार तर सहा तासांच्या आत, पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. खोलीत कोंडून "सकाळी बघू" म्हटले तर रक्षकच आरोपी होतो. स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. तो हल्ला थोपवण्यापुरता असतो. हल्लेखोर पळाल्यावर मागे धावून मारणे त्यात बसत नाही.

म्हणून टोळके फाटकावर आले की क्रम असा असावा. फाटक बंद, शिट्टी, वरिष्ठाला फोन आणि लगेच 112. चाळीस जणांशी एकट्याने झुंजण्यासाठी कोणी पगार देत नाही. नंतर वहीत लिहावे : तारीख, मिनिटांसह वेळ, किती माणसे, वाहनांचे क्रमांक, कोण काय बोलले, कोणी कोणाला मारले, 112 ला फोन किती वाजता केला. जातिवाचक शिवीगाळ झाली असेल तर बोललेले शब्द आणि ते ऐकणाऱ्यांची नावे लिहावीत. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक अधिनियम, 1989 खालच्या फिर्यादीत पुढे याच तपशिलाला महत्त्व येते. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेली नोंद आणि त्याच तासाची नोंद यांचे वजन सारखे नसते.

जखम असेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन नोंद करावी आणि फिर्याद स्वतः द्यावी. "कंपनी बघून घेईल" यावर थांबू नये. मार तुम्हाला लागला आहे, फिर्यादीही तुम्हीच. घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी कोणतेही पोलीस ठाणे खबर नोंदवून घेऊ शकते, अशी तरतूद कलम 173 मध्ये आहे. नोंदीची प्रत मोफत मिळते. ठाण्यात नोंद घेतली नाही तर तीच हकीकत लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवावी आणि पोचपावती जपून ठेवावी. अर्जाला तारीख आणि वेळ कुठून आणणार? त्या वहीतून.

गेवराईच्या आपल्या मुलाकडे परत येऊ. त्याची तयारी आता अशी दिसते : पाच वर्षांच्या मुक्कामाचा तक्ता, तीन जिल्ह्यांचे तीन अर्ज, एकच नाव असलेले दाखला व आधार, बंधपत्राच्या आदेशाची प्रत आणि वीस दिवसांच्या प्रशिक्षणाचे खऱ्या तारखांचे प्रमाणपत्र. हे सारे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तो मुलाखतीला जाईल, तेव्हा मूळ प्रती दाखवून परत घेईल आणि एजन्सीकडे फक्त छायांकित प्रती ठेवील. भिंतीवरचा परवाना तो वाचेलच. आणि नेमणूक झाली की पहिल्या पगाराची वाट न पाहता, पानांवर क्रमांक घातलेली एक दोनशे पानी वही व दोन पेन तो विकत घेईल.